सोळा सेंटिमीटरचा प्राजक्त

घरातला एखादा छापील सुती कपडा पलंगावर अंथरा आणि त्यातली एक ओळखू येईल अशी खूण निवडा. देठ वाकडा असलेलं एखादं फूल घ्या, किंवा टोकाला दुमडलेलं पान. तिथून कापडाच्या लांबीच्या दिशेनं बोट सरकवत गेलात की काही अंतरावर तेच वाकड्या देठाचं फूल पुन्हा भेटेल. दोन्हींमधलं अंतर टेपनं मोजा. कापड रोटरी यंत्रावर छापलेलं असेल, तर ते बहुतेक वेळा ६४ सेंटिमीटर, किंवा ३२, किंवा १६ भरतं. धुऊन आटलं असेल तर थोडं कमी.

या यंत्रात रंग कापडावर उतरतो तो निकेलच्या पोकळ नळीतून. नळीच्या अंगावर नक्षीपुरती बारीक छिद्रं उघडी ठेवलेली असतात. नळी फिरते, आतला रंग छिद्रांतून बाहेर ढकलला जातो आणि खालून कापड सरकत राहतं. या नळीचा सर्वांत रूढ घेर ६४ सेंटिमीटर आहे. एक फेरा पुरा झाला की नक्षी पहिल्यापासून सुरू होते, म्हणून नक्षीच्या एका तुकड्याची उंची अशी लागते, की ६४ला तिनं पूर्ण भाग जावा. १६ सेंटिमीटरचा तुकडा चार वेळा नेमका बसतो. १५ सेंटिमीटरचा चार वेळा बसून चार सेंटिमीटर उरतात, आणि त्या उरलेल्या पट्टीत काहीही भरलं तरी ते थानभर दर ६४ सेंटिमीटरला उघडं पडतं.

या एका तुकड्याला छपाईतली माणसं ‘रिपीट’ म्हणतात, संगणकावर काम करणारी ‘टाइल’. शेजारी शेजारी मांडत गेलं की सांधा कुठे आहे ते कळू नये, एवढीच तिची अट. भेटवस्तूच्या कागदाला लागते तीच टाइल सुती कापडालाही लागते. ती कशी बनते हे आपण एकच नक्षी हातात घेऊन पाहू: झाडाखाली पडलेला प्राजक्ताचा सडा. पांढऱ्या पाकळ्या, केशरी देठ आणि खाली गडद हिरवी जमीन. हा विषय निवडण्यामागे कारण आहे. जमिनीवर पडलेल्या फुलांना वरची-खालची बाजू नसते, आणि पुढे कागद खोक्याभोवती गुंडाळताना याचा उपयोग होणार आहे.

माप ठरवूया: १६ सेंटिमीटर रुंद, १६ सेंटिमीटर उंच. फुलं दोन ते अडीच सेंटिमीटरची, म्हणजे खऱ्या प्राजक्ताएवढीच, आणि साधारण वीस. काही तोंड वर करून पडलेली, काही पालथी, देठ दिसणारी, काही कुशीवर.

आता पहिली अडचण. नवखा माणूस चौकटीत फुलं काढतो, ती कडेला कापली जाऊ नयेत म्हणून चारही बाजूंना थोडी जागा मोकळी सोडतो आणि तुकडे शेजारी शेजारी मांडतो. एकही फूल कापलं जात नाही, पण सगळ्या कापडावर मोकळ्या पट्ट्यांचं जाळं उमटतं. लांबून खिडकीचे गज दिसावेत तसं. सांधा लपवायचा तर त्याला टाळून चालत नाही, त्याच्यावरच फुलं पडावी लागतात. जे फूल उजव्या कडेतून अर्धं बाहेर जातं, त्याचा उरलेला अर्धा भाग डाव्या कडेतून, नेमक्या त्याच उंचीवर, आत आला पाहिजे. वरच्या आणि खालच्या कडेचंही तसंच. एकच फूल दोन ठिकाणी अर्धं अर्धं काढायचं आणि दोन्ही अर्धुकं केसभरही न चुकता जुळवायची, हे सरळ हातानं जमण्यासारखं नाही.

त्यावरची जुनी युक्ती मला या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कडेवर चित्र काढायचंच नाही. कड उचलून मधोमध आणायची आणि तिथे काढायचं.

जाडसर कागदाचा १६ सेंटिमीटरचा नेमका चौरस घ्या. कोपरे काटकोनात हवेत, गुण्यानं तपासा. मागच्या बाजूला चार कोपऱ्यांत पेन्सिलीनं १, २, ३, ४ लिहून ठेवा, कारण थोड्याच वेळात कुठला तुकडा कुठला ते कळेनासं होतं. आता फुलं काढा, पण फक्त मधल्या भागात. एकही रेघ कडेला टेकू द्यायची नाही. सात-आठ फुलं झाली की थांबा. पोलादी पट्टी आणि कटर घेऊन कागद मधोमध उभा कापा. वाटेत फूल आलं तर ते कापलं जाऊ द्या. डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवा, कडा एकमेकींवर न चढवता भिडवा आणि मागून टेप लावा. मग तोच कागद मधोमध आडवा कापा, वरचा भाग खाली आणि खालचा वर, पुन्हा मागून टेप.

समोर आता वेगळाच कागद असतो. आधीची कापलेली फुलं चारही कडांवर गेलेली असतात आणि मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा मोठा रिकामा पट्टा असतो. त्या पट्ट्यातून जाणाऱ्या टेपच्या दोन रेघा म्हणजे आपल्या मूळ कडा. त्यांच्यावर आता बिनधास्त फुलं काढा, कारण सांधा मध्ये आला आहे आणि त्यावर पडणारं प्रत्येक फूल अखंड निघणार आहे. नवीन कडांचीही काळजी नाही: त्यांच्यावरची अर्धी फुलं एकाच फुलाची दोन अर्धुकं आहेत, ती आपोआप जुळतात. पथ्य एकच, या फेरीतही बाहेरच्या कडेला पेन्सिल टेकवायची नाही.

बरेच जण इथे काम संपलं असं समजतात. पण त्या अधिक चिन्हाचे चार हात कागदाच्या चारही कडांच्या मध्यापर्यंत पोचलेले असतात, आणि कडेला टेकायचं नाही या पथ्यामुळे तिथे चार मोकळ्या जागा राहून जातात. मांडणी केली की त्या जोडीजोडीनं एकत्र येतात आणि दर १६ सेंटिमीटरला एक भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून आणखी एक फेरी लागते. कागद पुन्हा फक्त उभा कापायचा, डावं-उजवं बदलायचं. डाव्या आणि उजव्या कडेवरच्या मोकळ्या जागा मध्ये येऊन भिडतात, तिथे एखादं फूल किंवा दोन पाकळ्या टाकायच्या. मग पुन्हा उभा कापून डावं-उजवं पूर्ववत करायचं, आडवा कापून वर-खाली बदलायचं आणि मध्ये आलेल्या वरच्या-खालच्या जागा भरायच्या. आता चारही कडा भरल्या.

कागद कापताना होणारी चूक जवळजवळ नेहमी एकच असते. तुकडे जोडताना अर्धा मिलिमीटर एकावर एक चढतात, चौरस १६ऐवजी १५.९५ होतो आणि काटकोनही थोडा कलतो. एका टाइलमध्ये हे दिसत नाही. तीन टाइली शेजारी ठेवल्या की पाकळीच्या मधोमध पायरी दिसते. म्हणून प्रत्येक जोडणीनंतर चौरस पुन्हा मोजावा.

संगणकावर हेच काम एका आज्ञेत होतं. फोटोशॉपमध्ये `Filter > Other > Offset`, गिंपमध्ये `Layer > Transform > Offset`. दोन्हीकडे `Wrap around` हा पर्याय निवडायचा, म्हणजे एका कडेतून बाहेर गेलेला भाग दुसऱ्या कडेतून आत येतो. सरकवण्याचं अंतर दोन्ही दिशांना टाइलच्या निम्मं द्यायचं. कटरची गरज नाही आणि मोकळी जागा दिसली की हवं तेवढं सरकवून ती मध्ये आणता येते. दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्या लागतात. चित्र अनेक लेयरमध्ये असेल तर आज्ञा एका लेयरपुरतीच चालते, म्हणून सरकवण्याआधी सगळे एकत्र करावेत. आणि गिंपमध्ये लेयर चौकटीपेक्षा लहान असेल, तर चित्र लेयरच्या कडेवर वळतं, चौकटीच्या नाही. मग सगळं जुळल्यासारखं वाटतं आणि छपाईत चुकतं.

मापाचा एक बारकावा इथे सांगायला हवा. छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके ठेवावेत असं सगळीकडे सांगितलं जातं. पण १६ सेंटिमीटर म्हणजे ६.२९९ इंच, त्याचे ३००च्या हिशेबानं १८८९.७६ ठिपके होतात. ठिपका अर्धामुर्धा असू शकत नाही. संगणक तो पूर्णांक करतो, किंवा कडेचा ठिपका अर्धवट पारदर्शक ठेवतो, आणि मग सांध्यावर केसाएवढी फिकट रेघ येते. गडद हिरव्या जमिनीवर ती लगेच डोळ्यात भरते. यावर सोपा उपाय आहे: ३००ऐवजी २५४ ठेवा. इंचात २.५४ सेंटिमीटर असतात, त्यामुळे एका सेंटिमीटरमध्ये नेमके १०० ठिपके बसतात. १६ सेंटिमीटरची टाइल म्हणजे १६०० ठिपके, निम्मं अंतर ८००, आणि रोटरीचा सगळा घेर ६४००. कुठेच अपूर्णांक नाही. सुती कापडाला २५४ पुरून उरतात, कागदावरही प्राजक्ताच्या पाकळीची कड स्वच्छ येते.

आता टाइल निर्दोष झाली असं समजू. ती तीन उभ्या, तीन आडव्या अशी नऊ वेळा मांडा, चित्र लहान करा, दोन पावलं मागे व्हा आणि डोळे किंचित मिटून पाहा. सांधा दिसणार नाही, पण दुसरंच काहीतरी दिसेल. टाइलमधलं सर्वांत ठसठशीत केशरी देठाचं फूल नऊ वेळा, सरळ रांगेत उभं असेल. दोन फुलांमधली जराशी मोठी फट नऊ वेळा येऊन एका गल्लीसारखी कापडभर धावेल. जवळून पाहताना यातलं काही जाणवत नाही. सांधा ही हाताची बाब आहे, रांगा ही डोळ्याची, आणि माझ्या मते नक्षीकाराचं खरं कसब या दुसऱ्या ठिकाणी लागतं.

गल्ली मोडायची तर तिच्या मध्यात फूल टाकून चालत नाही. त्यानं एकीच्या दोन अरुंद गल्ल्या होतात. गल्लीच्या काठावरचं एखादं फूल आत सरकवावं, म्हणजे तिचा काठ वाकडा होतो आणि नजर अडते. ठसठशीत फुलाला जोडीदार द्यावेत: एकाऐवजी तीन फुलांचे देठ तेवढेच गडद करावेत आणि ती तिन्ही एका रेषेत येऊ देऊ नयेत. एक एकटंच वेगळं फूल डोळा पटकन हेरतो, तीन असली की त्याला हिशेब ठेवता येत नाही. हे करताना पुन्हा पुन्हा नवाची मांडणी करून बघावी लागते. एका टाइलकडे बघून घेतलेला निर्णय हमखास फसतो.

याहून मोठा उपाय मांडणीतच आहे. टाइली सरळ ओळीत न ठेवता प्रत्येक पुढचा उभा स्तंभ निम्म्या टाइलनं खाली सरकवायचा. छपाईत याला ‘हाफ ड्रॉप’ म्हणतात. आपल्याकडे रांगोळी घालणाऱ्या प्रत्येकीला हा फरक बोटांनी माहीत आहे: सात ते सात असे सरळ ठिपके आणि पंधरा ते आठ असे मधल्या जागेत पडणारे ठिपके. सरळ ठिपक्यांवर चौकोन दिसतात, मधल्या ठिपक्यांवर नजर तिरकी पळते. प्राजक्ताचंही तसंच होतं. ठसठशीत फूल आता आडव्या ओळीत दर ३२ सेंटिमीटरला येतं, मधल्या स्तंभात ते आठ सेंटिमीटर खाली असतं, आणि रांग ओळखणं खूप अवघड होतं. गंमत म्हणजे गणिताच्या दृष्टीनं या दोन मांडण्या एकाच जातीच्या आहेत. सपाट पृष्ठावर पुनरावृत्त होणाऱ्या नक्ष्यांचे सममितीनुसार फक्त १७ प्रकार होतात, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ येवग्राफ फेदोरोव यांनी १८९१मध्ये सिद्ध केलं. आरसा नाही, फिरवणं नाही, नुसतं सरकवणं, अशा नक्ष्यांचा त्यात एकच प्रकार आहे. सरळ मांडणीतला सडा आणि हाफ ड्रॉपमधला सडा दोन्ही त्यातच मोडतात. डोळ्याला मात्र दोन्ही पूर्ण वेगळे दिसतात.

हाफ ड्रॉपची टाइल कागदावर करताना कृतीत एकच बदल होतो. उभा कापून डावं-उजवं बदललं, की उजवीकडे आलेला तुकडा तेवढा आडवा कापायचा, त्याचा वरचा भाग खाली आणि खालचा वर करायचा, आणि मग जोडायचं. आता मधल्या उभ्या सांध्यावर नेमका तोच शेजार दिसतो, जो छापल्यावर दिसणार आहे. फुलं भरायची, मग अख्खा कागद आडवा कापून वर-खाली बदलायचा आणि उरलेलं भरायचं. मोकळी जागा कडेवर राहिली तर तीही याच रीतीनं मध्ये आणायची. या टाइलची उजवी कड डाव्या कडेशी समोरासमोर जुळत नाही, निम्मी खाली सरकून जुळते, त्यामुळे ती सरळ मांडून पाहिली तर बिघडल्यासारखी वाटते. छापणाऱ्याला फाइल देताना हे स्पष्ट लिहून द्यावं लागतं. त्याच्याकडे सरळ मांडणीचीच सोय असेल, तर दोन स्तंभ आपणच जोडून द्यायचे: डावीकडे टाइल जशीच्या तशी, उजवीकडे तीच आठ सेंटिमीटर खाली सरकवलेली. ३२ सेंटिमीटर रुंद आणि १६ उंच असा हा आयत मग साध्या, सरळ मांडणीतही हाफ ड्रॉपच छापतो. रुंदीला ६४चं बंधन नाही, कारण ती पन्ह्याच्या दिशेनं जाते आणि काठाला कुठेही तुटली तरी चालते. बंधन लांबीच्या दिशेला आहे.

आता याच टाइलचा भेटवस्तूचा कागद करायचा आहे. लहान खोक्यावर १६ सेंटिमीटरची नक्षी मोठी वाटते, म्हणून ती १० सेंटिमीटरवर आणायची, म्हणजे १६०० ठिपक्यांची १०००. तयार टाइल थेट लहान केली की कडा बिघडू शकतात: संगणक प्रत्येक ठिपक्याचा नवा रंग शेजारच्या ठिपक्यांवरून काढतो आणि कडेच्या ठिपक्याला बाहेर शेजारी नसतो. त्यामुळे आधी नऊ टाइली मांडून ४८०० ठिपक्यांचा चौरस करावा, तो ३०००वर आणावा आणि मधला १०००चा चौरस कापून घ्यावा. (हाफ ड्रॉपची असेल तर ३२ बाय १६च्या आयतावर हेच करायचं.) चित्राला धूसरपणा देणाऱ्या कुठल्याही आज्ञेलाही हाच नियम लागू आहे. हातानं रंगवलेला कागद स्कॅन केला असेल तर आणखी एक दोष येतो. जमिनीचा हिरवा रंग एका बाजूला किंचित गडद असतो, आणि मांडणी केली की सगळ्या कागदावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटतात. फुलं वेगळी करून खाली एकसारखा हिरवा भरला की ते जातात.

सड्याच्या नक्षीचा फायदाही इथे दिसतो. कागद खोक्याभोवती फिरतो तेव्हा वरच्या बाजूला उभी असलेली फुलं खालच्या बाजूला उलटी होतात, आणि टोकांच्या घड्यांवर आडवी. कुंडीतलं झाड किंवा मोर छापला असेल तर तो कुठेतरी डोक्यावर उभा राहतोच. कपड्यात हा प्रश्न पैशाचा होतो: एकाच दिशेच्या नक्षीत शिंप्याला सगळे भाग एकाच बाजूनं तोंड करून बेतावे लागतात, पानं उलटसुलट टाकून कापड वाचवता येत नाही. प्राजक्ताचा सडा मात्र कसाही बेतला तरी चालतो. त्यासाठी देठ खरोखर सगळ्या दिशांना जायला हवेत. आपण नकळत बहुतेक देठ उजवीकडे खाली वळवतो, म्हणून टाइलवर घड्याळाची तबकडी कल्पून मोजून पाहावं. एखाद्या तासावर पाच देठ आणि समोरच्या तासावर एकही नाही असं निघालं, तर दोन फुलं फिरवावीत.

कापडासाठी रंगांचा हिशेब वेगळा. रोटरीत प्रत्येक रंगाला स्वतंत्र नळी लागते आणि प्रत्येक नळीचा खर्च येतो. आपल्या प्राजक्ताला हिरवी जमीन, केशरी देठ आणि पाकळ्यांची राखाडी सावली, अशा तीन नळ्या पुरतात. पांढऱ्या पाकळ्या म्हणजे न छापलेलं पांढरं कापड. तीन नळ्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, थोडा फरक पडतोच. म्हणून जिथे केशरी देठ हिरव्या जमिनीला भिडतो तिथे दोन्ही रंग किंचित एकमेकांवर चढवून ठेवतात, नाहीतर मध्ये कापडाची पांढरी रेघ दिसते. कागदावर डिजिटल छपाई केली तर नळ्याही नाहीत आणि ६४ची अटही नाही.

थान छापायला टाकण्याआधी नमुन्याचा तुकडा मागवतात, त्याला स्ट्राइक-ऑफ म्हणतात. तो हातरुमालाएवढा घेऊन काही कळत नाही. रोटरीवरचा नमुना कमीत कमी सव्वा मीटर लांब मागावा, म्हणजे नळीचा एक पुरा फेरा आणि दुसऱ्याचा बराचसा भाग त्यात येतो. टाइलचे चार सांधे निर्दोष असले, तरी नळीवर नक्षी चढवताना तिची सुरुवात आणि शेवट जिथे भेटतात तिथे वेगळा दोष राहू शकतो. पहिल्यांदा तो कुठे आहे ते सापडत नाही. एक शंकास्पद जागा निवडून तिथून ६४ सेंटिमीटर पुढे पाहावं: तिथेही पाकळी तशीच तुटलेली असेल आणि मधल्या तीन सांध्यांवर ती नीट असेल, तर चूक नळीची आहे, टाइलची नाही. चूक दर १६ सेंटिमीटरला दिसली तर टाइल पुन्हा उघडायची, निम्मी सरकवायची आणि मधोमध पाहायचं.